अर्ध्यावर आलेला वेग : विकरांचे निरोधन ओळखणारे दोन आलेख



विकराच्या द्रावणात एखादा पदार्थ चिमूटभर मिसळला आणि विकराच्या कामाचा वेग बरोबर निम्म्यावर आला, तर त्या पदार्थाने विकराचे नेमके काय केले असे म्हणावे? त्याने विकराची जागा अडवली, की विकराची कामाची ताकदच कमी केली? वेग मोजणाऱ्या यंत्राला यातले काहीच कळत नाही. ते फक्त एक आकडा देते, आणि दोन्ही प्रसंगी तो आकडा एकच असू शकतो. त्या एका आकड्यामागे दडलेल्या दोन निरनिराळ्या घटना वेगळ्या कशा काढायच्या, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी जीवरसायनशास्त्राने दोन आलेख हाताशी ठेवले आहेत. त्यांपैकी एक वक्र आहे आणि दुसरा सरळ, आणि गंमत अशी की दोन्हींत माहिती तीच असते.

विषय हवेत राहू नये म्हणून एकच विकर शेवटपर्यंत समोर ठेवणे बरे. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक क्रियांना गती देणारे प्रथिन, ज्याला प्रयोगशाळांतून सर्रास एन्झाइमच म्हणतात. आणि विकर ज्या पदार्थावर काम करते तो त्याचा सब्स्ट्रेट. इथे निवडलेले विकर आहे सक्सिनेट डीहायड्रोजनेज. पेशीतील मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलात ते रुतलेले असते आणि सक्सिनेट या चार कार्बनांच्या आम्लाच्या मधल्या दोन कार्बनांवरून एकेक हायड्रोजन काढून घेऊन त्याचे फ्युमरेट करते. या विकराला अडवणारा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे मॅलोनेट. सक्सिनेटसारखेच त्यालाही दोन्ही टोकांना कार्बोक्सिल गट असतात, पण मध्ये दोनऐवजी एकच कार्बन असतो. विकराच्या ज्या खाचेत सक्सिनेट बसते त्या क्रियास्थलात मॅलोनेट दोन टोकांच्या बळावर बसते खरे, पण ज्या जोडीवरून हायड्रोजन काढायचे ती जोडीच त्याच्याकडे नसल्यामुळे विकराला पुढे काही करता येत नाही. मॅलोनेट आले तसे निघून जाते, मात्र ते बसलेले असेपर्यंत जागा अडलेली राहते. केंब्रिजमध्ये क्वास्टेल आणि वुल्ड्रिज यांनी जिवाणूंवर काम करताना हा अडथळा १९२८च्या सुमारास स्पष्ट केला, आणि पुढे हान्स क्रेब्ज यांनी आपल्या प्रसिद्ध चक्राची मांडणी करताना त्याचा हत्यारासारखा वापर केला. त्या वापराकडे शेवटी वळायचे आहे.

वेग मोजायचा कसा, हेही आधी पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे आलेख या मोजणीवर उभे राहतात. फ्लॉवरच्या गड्ड्यातून किंवा बकऱ्याच्या काळजातून वेगळी केलेली मायटोकाँड्रिया, बफर, सक्सिनेट आणि डीसीपीआयपी नावाचा निळा रंग एका छोट्या चौकोनी काचपात्रात एकत्र करतात. एरवी इलेक्ट्रॉन ज्या साखळीने ऑक्सिजनकडे जातात ती साखळी सायनाइड किंवा अझाइड घालून पुढे बंद केलेली असते, त्यामुळे सक्सिनेटमधून निघालेले इलेक्ट्रॉन त्या निळ्या रंगाकडे वळतात आणि रंग हळूहळू फिका होत रंगहीन होतो. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण किती झपाट्याने उतरते हे यंत्रावर पाहिले की वेग मिळतो. पण कोणता वेग? अगदी सुरुवातीचा, कारण थोडा वेळ गेला की सब्स्ट्रेट खर्ची पडू लागतो, फ्युमरेट साचू लागते, आणि ज्या संहतीचा वेग म्हणून तो नोंदवायचा ती संहतीच पात्रात उरलेली नसते. संहती म्हणजे ठरावीक आकारमानाच्या द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण. आलेखाच्या आडव्या अक्षावर तीच मांडायची असल्यामुळे ती मोजणीभर जवळपास स्थिर राहणे ही पहिली अट ठरते.

आता विकराचे प्रमाण तेच ठेवून सक्सिनेटची संहती वाढवत नेली तर काय दिसते? आरंभी वेग जवळजवळ संहतीच्या प्रमाणात वाढतो, मग वाढ मंदावते, आणि अखेरीस आलेख एका अदृश्य छताला टेकू पाहतो, पण टेकत मात्र नाही. विकराचे रेणू मोजकेच असतात आणि प्रत्येकाला एका फेऱ्यासाठी काही वेळ लागतोच. सगळे रेणू सतत गुंतलेले असतील तेव्हा जो वेग मिळेल तो कमाल वेग, Vmax. त्याच्या निम्मा वेग ज्या संहतीला मिळतो तो मायकेलिस स्थिरांक, Km. बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर काम करून १९१३ मध्ये या वक्राचे समीकरण मांडले. १९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी त्याला अधिक व्यापक पाया दिला. हे हॉल्डेन म्हणजे आयुष्याच्या उत्तरार्धात भारतात येऊन स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तलेले जे. बी. एस. हॉल्डेन. समीकरण असे :

v = Vmax × [S] / (Km + [S])

यात v म्हणजे वेग आणि [S] म्हणजे सब्स्ट्रेटची संहती. गणितात ज्याला आयताकार अपास्त म्हणतात त्याच वक्राचा हा एक तुकडा आहे. या समीकरणात विकराची दोन लक्षणे दोन जागी बसली आहेत, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे : Vmax सांगतो की सब्स्ट्रेटची रेलचेल असताना विकर किती काम उरकू शकते, आणि Km सांगतो की त्या क्षमतेच्या निम्म्यापर्यंत पोहोचायला सब्स्ट्रेट किती लागतो. निरोधक, म्हणजे विकराला अडवणारा पदार्थ, या दोहोंपैकी कशाला हात घालतो, हाच सगळा प्रश्न.

स्पर्धात्मक निरोधक सब्स्ट्रेटच्याच जागेसाठी झगडतो. एका वेळी क्रियास्थलात एकतर सक्सिनेट असेल, नाहीतर मॅलोनेट. अस्पर्धात्मक निरोधक विकरावर दुसरीकडे कुठेतरी चिकटतो, आणि आदर्श प्रकारात सब्स्ट्रेट आधीच बसलेला आहे की नाही याची त्याला फिकीर नसते. दोन्ही अवस्थांतील विकराला तो सारख्याच ओढीने धरतो आणि धरलेला रेणू कामातून बाद होतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणे आणि गाड्याच आगारात नादुरुस्त उभ्या राहणे, यांत जो फरक तोच इथे आहे : खरे प्रवासी पुरेसे लोटले तर रुमालवाल्यांचा टिकाव लागत नाही, पण निम्म्या गाड्या बंद असतील तर फलाटावर कितीही गर्दी झाली तरी वाहतूक निम्मीच राहते.

हे तत्त्व आकड्यांत उतरवले की अधिक बोलके होते. पुढील आकडे समीकरणातून काढलेले आहेत, हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून निवडलेले आहेत, आणि कोणत्याही विशिष्ट नमुन्याचे नाहीत. समजा विकराचा कमाल वेग १२० एकके आहे आणि मायकेलिस स्थिरांक २ मिलिमोलर. मग सक्सिनेट ०.५, १, २, ४ आणि ८ मिलिमोलर असताना निरोधकाविना वेग अनुक्रमे २४, ४०, ६०, ८० आणि ९६ येतो. आता दोन निरोधक घेऊ. पहिला स्पर्धात्मक, ज्याच्या वापरलेल्या मात्रेमुळे मायकेलिस स्थिरांक तिप्पट म्हणजे ६ मिलिमोलर भासतो. दुसरा अस्पर्धात्मक, ज्याच्या मात्रेमुळे कमाल वेग निम्मा म्हणजे ६० एकके होतो. प्रयोगकर्त्याने घाईत एकाच संहतीला, २ मिलिमोलरला, वेग मोजला असे धरू. काय दिसेल? पहिल्या निरोधकाने ३० आणि दुसऱ्यानेही ३०. वेग निम्म्यावर आला एवढेच कळले, आणि दोघांतला फरक एका कणानेही कळला नाही.

म्हणून पुढे जायला हवे. ०.५ मिलिमोलरला पहिला वेग ९.२ वर येतो, दुसरा १२ वर. ८ मिलिमोलरला पहिला ६८.६ वर, दुसरा ४८ वर. निरोधन शेकड्यात मांडले तर चित्र एकदम उघडते : स्पर्धात्मक निरोधकाचा अडथळा ०.५ मिलिमोलरला सुमारे ६२ टक्के, २ ला ५० टक्के, ८ ला २९ टक्के आणि ३८ मिलिमोलरपर्यंत गेल्यास जेमतेम ९ टक्के उरतो. अस्पर्धात्मकाचा अडथळा? सर्वत्र ५० टक्के, अगदी ठरल्यासारखा. सब्स्ट्रेट वाढवल्यावर निरोधन विरत जाते की जागच्या जागी राहते, हा या विषयातला सर्वांत सोपा आणि सर्वांत खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळायला कोणताही सरळ आलेख लागत नाही. प्रयोगवहीत निरोधनाच्या टक्केवारीचा एक स्तंभ जास्तीचा आखला की पुरे. दुर्दैवाने बहुतेक प्रयोगवह्यांतून हाच स्तंभ गायब असतो.

वेग आणि संहती यांच्या वक्र आलेखावर हेच दोन निरोधक कसे दिसतात? स्पर्धात्मक निरोधकाचा वक्र डावीकडे मूळ वक्राच्या बराच खाली असतो, पण उजवीकडे सरकताना त्याच्याजवळ येत जातो, कारण दोघांचे छत एकच आहे; निरोधकासहच्या वक्राला तिथवर पोहोचायला अंतर जास्त पडते इतकेच. अस्पर्धात्मक निरोधकाचा वक्र म्हणजे मूळ वक्राची उंची सर्वत्र निम्मी केलेली प्रत. छत खाली आले, पण छताच्या निम्म्यावर पोहोचण्याची संहती २ मिलिमोलरच राहिली. कागदावर हे लख्ख दिसते. प्रयोगात मात्र दिसेलच याची खात्री नाही, आणि अडचण इथेच सुरू होते.

कारण छत कुणीच पाहिलेले नसते. वरच्या उदाहरणात स्पर्धात्मक निरोधक असताना ८ मिलिमोलर सक्सिनेटलासुद्धा वेग ६८.६ आहे, म्हणजे कमाल वेगाच्या ५७ टक्के. मोजणी तिथेच थांबली, तर डोळ्यांना तो वक्र ८० किंवा ९० वर सपाट होईलसे वाटते, आणि कमाल वेग घटला असा निष्कर्ष बेधडक लिहिला जातो. खरे तर कमाल वेगाच्या ९५ टक्क्यांपर्यंत जायला सब्स्ट्रेट मायकेलिस स्थिरांकाच्या १९ पट लागतो. निरोधकासह तो स्थिरांक ६ मिलिमोलर भासत असेल, तर ही संहती ११४ मिलिमोलर झाली. इतक्या सक्सिनेटने द्रावणाची आयनी ताकद बदलते, आणि काही विकरांना तर अतिरिक्त सब्स्ट्रेटच अडवू लागतो. छतापर्यंत प्रत्यक्ष न जाता छत कुठे आहे हे सांगायचे, तर वक्राला सरळ करण्याची काही युक्ती हवी.

ती युक्ती हान्स लाइनवीव्हर आणि डीन बर्क यांनी १९३४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. समीकरणाच्या दोन्ही बाजू उलट्या करायच्या, म्हणजे प्रत्येक संख्येऐवजी तिचा गुणाकार व्यस्त, १ भागिले ती संख्या, घ्यायचा :

1/v = (Km / Vmax) × (1/[S]) + 1/Vmax

शाळेत शिकलेल्या सरळ रेषेच्या समीकरणाहून हे वेगळे नाही. आडव्या अक्षावर संहतीचा व्यस्त, उभ्या अक्षावर वेगाचा व्यस्त. रेषेचा चढ Km भागिले Vmax. उभ्या अक्षाला ती जिथे छेदते तिथे १ भागिले Vmax. आणि डावीकडे लांबवल्यावर आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथे उणे १ भागिले Km. या रूपाला दुहेरी व्यस्तांचा आलेख म्हणावे.

या आलेखात उभा अक्ष म्हणजे काय, याचा विचार सहसा होत नाही. त्या अक्षावर संहतीचा व्यस्त शून्य असतो, म्हणजेच संहती अनंत. जी संहती कोणत्याही बाटलीत मावणार नाही ती इथे कागदाच्या मधोमध उभी असते. त्यामुळे रेषा उभ्या अक्षावर कुठे टेकते हे विचारणे म्हणजे, सब्स्ट्रेट अमर्याद ओतला तर निरोधकाचा पराभव होईल का, हे विचारणे होय. होत असेल, तर निरोधकासहची रेषा आणि निरोधकाविनाची रेषा त्या अक्षावर एकाच बिंदूत मिळतील. होत नसेल, तर निरोधकाची रेषा वरच राहील.

आधीचेच आकडे इथे मांडून पाहावेत. संहतींचे व्यस्त २, १, ०.५, ०.२५ आणि ०.१२५ येतात. निरोधकाविना वेगांचे व्यस्त ०.०४१७ पासून ०.०१०४ पर्यंत उतरतात. रेषेचा चढ ०.०१६७, आणि उभ्या अक्षावरचा छेद ०.००८३, म्हणजे १ भागिले १२०. स्पर्धात्मक निरोधकाच्या रेषेचा चढ तिप्पट, ०.०५ होतो, पण उभ्या अक्षावरचा छेद तोच राहतो. आडव्या अक्षावरचा छेद मात्र उणे ०.५ वरून उणे ०.१६७ पर्यंत शून्याकडे सरकतो. अस्पर्धात्मक निरोधकाच्या रेषेचा चढ दुप्पट, ०.०३३३ होतो, उभा छेदही दुप्पट, ०.०१६७ होतो, आणि आडव्या अक्षावर ती मूळ रेषेला बरोबर उणे ०.५ वर भेटते. तेव्हा चढ दोन्हीकडे वाढतो, हे विसरता कामा नये; नुसती रेषा उभी झाली म्हणून कोणताच निकाल देता येत नाही. निकाल देते ती दोन रेषांच्या भेटीची जागा : उभ्या अक्षावर भेट झाली तर स्पर्धात्मक, आडव्या अक्षावर झाली तर शुद्ध अस्पर्धात्मक.

आणि रेषा या दोहोंपैकी कोणत्याच अक्षावर न भेटता डावीकडे मध्येच कुठेतरी भेटल्या तर? तर निरोधक मोकळ्या विकराला आणि सब्स्ट्रेट बसलेल्या विकराला निरनिराळ्या ओढीने धरतो आहे. हा मिश्र निरोधनाचा प्रकार होय. रेषा समांतर राहिल्या, तर निरोधक फक्त सब्स्ट्रेट बसलेल्या विकरालाच धरतो, आणि तो आणखी वेगळा प्रकार झाला. पाठ्यपुस्तकांतील सुबक आकृत्यांमुळे शुद्ध अस्पर्धात्मक निरोधन ही नित्याची बाब वाटते, पण प्रत्यक्षात मिश्र प्रकारच पुष्कळ आढळतो. दोन अवस्थांतील विकराला एखाद्या रेणूने अगदी सारख्या ओढीने धरावे, ही तशी विरळा घटना आहे. यकृतात साखर नव्याने तयार करण्याच्या मार्गावरील फ्रुक्टोज बिसफॉस्फटेज या विकराला एएमपी अडवते ते क्रियास्थलापासून दूरच्या जागी बसून, आणि सब्स्ट्रेटच्या संदर्भात ते अस्पर्धात्मक वागते. असे उदाहरण म्हणूनच मोलाचे ठरते.

याच आलेखावरून निरोधकाची ताकदही मोजता येते. स्पर्धात्मक प्रकारात चढ ज्या पटीने वाढतो ती पट म्हणजे १ अधिक निरोधकाची संहती भागिले त्याचा निरोधन स्थिरांक. चढ तिप्पट झाला असेल आणि मॅलोनेट ०.२ मिलिमोलर घातले असेल, तर स्थिरांक ०.१ मिलिमोलर निघतो. एकाच मात्रेवर विसंबणे मात्र शहाणपणाचे नव्हे. निरोधकाच्या तीन-चार मात्रा घेऊन प्रत्येकीचा चढ त्या मात्रेसमोर मांडावा, आणि ते बिंदू सरळ रेषेत येतात का ते पाहावे. वाकले तर समजावे की मूळ गृहीतकातच काहीतरी निसटले आहे.

इथवर दुहेरी व्यस्तांचा आलेख निर्दोष वाटेल. पण संख्या उलटी करताना तिच्यातली चूकही उलटी होते, आणि ती सर्वांना सारखी उलटी होत नाही. स्पर्धात्मक निरोधकाच्या उदाहरणात यंत्राची चूक सर्वत्र एकाच एककाची आहे असे धरावे. ८ मिलिमोलरला ६८.६ ऐवजी ६७.६ किंवा ६९.६ वाचले गेले, तर व्यस्त ०.०१४८ आणि ०.०१४४ यांच्या दरम्यान राहतो. आलेखावर तो फरक बिंदूच्या जाडीतच बुडून जातो. ०.५ मिलिमोलरला ९.२ ऐवजी ८.२ किंवा १०.२ वाचले, तर व्यस्त ०.१२२ पासून ०.०९८ पर्यंत हेलकावतो. एकाच एककाच्या चुकीचा परिणाम एका टोकाला दुसऱ्या टोकाच्या पन्नासपटींहून अधिक झाला. शिवाय हा सर्वांत डळमळीत बिंदू उजव्या टोकाला एकटाच उभा असतो, तर भरवशाचे बिंदू उभ्या अक्षाजवळ दाटीवाटीने गोळा झालेले असतात. त्यामुळे पट्टी ठेवून रेषा ओढणारा हात नकळत त्या एकट्या बिंदूच्या कलाने जातो, आणि त्याच्या चुकीने उभा छेद वरखाली सरकतो. म्हणजे ज्या छेदावर सगळा निवाडा अवलंबून, तोच छेद सर्वांत कच्च्या मोजणीच्या हाती जातो. खुद्द लाइनवीव्हर आणि बर्क यांना बिंदूंना निरनिराळे वजन देण्याची गरज माहीत होती. त्यांचा आलेख उचलणाऱ्यांनी ते वजन तेवढे मागे ठेवले.

मग करावे काय? आज वक्राचे समीकरण मूळ आकड्यांवरच संगणकाने बसवता येते, आणि Km, Vmax व निरोधन स्थिरांक तिथूनच काढणे योग्य. दुहेरी व्यस्तांचा आलेख दाखवण्यासाठी, निरोधनाचा प्रकार नजरेत भरावा म्हणून, ठेवावा. संहती निवडताना मात्र दोन्ही आलेखांची गरज लक्षात घ्यावी लागते : मायकेलिस स्थिरांकाच्या पाव पटीपासून चार-पाच पटींपर्यंत मोजण्या पसराव्यात, आणि कमी संहतीच्या मोजण्या अनेकदा कराव्यात. सर्व संहती त्या स्थिरांकाच्या खूप खालच्या घेतल्या, तर वक्राला वळणच दिसत नाही, दुहेरी आलेखातली रेषा जवळजवळ उगमबिंदूकडे जाते, आणि छेद वेगळे काढणे अशक्य होते. सर्व खूप वरच्या घेतल्या, तर स्पर्धात्मक निरोधक असूनही नसल्यासारखा वाटतो.

कमी संहतीच्या मोजण्यांना आणखी एक खोड असते. तिथे सब्स्ट्रेट मुळातच थोडा, त्यामुळे मोजणी जरा लांबली की त्याचा मोठा वाटा संपतो, वेग खरा असतो त्याहून कमी नोंदला जातो, आणि कोणताही निरोधक नसताना मायकेलिस स्थिरांक वाढल्यासारखा भासतो. सक्सिनेट डीहायड्रोजनेजच्या बाबतीत यात भर पडते ती ऑक्झॅलोअॅसिटेटची : तयारीतील विकराच्या क्रियास्थलात ते घट्ट बसलेले असते, सुटायला वेळ घेते, आणि तोवर वेग रेंगाळत वाढत राहतो. आधी ते सुटू दिले नाही, तर आरंभीचा वेग म्हणून जो नोंदवला तो निम्म्याच जागृत विकराचा वेग ठरतो. निळा रंग पहिल्या अर्ध्या मिनिटात संथ आणि मग अधिक झपाट्याने उतरत असेल, तर आलेख काढण्यापूर्वी इकडे पाहावे.

यापेक्षा मोठी फसगत आहे ती अस्पर्धात्मक या निकालाचीच. विकराच्या गंधकयुक्त गटांना कायमचे धरून बसणारा पारदयुक्त पदार्थ घेतला, तर काय होईल? निम्मे रेणू कायमचे निकामी झाले, उरलेले निम्मे पूर्वीसारखेच चालू. कमाल वेग निम्मा, मायकेलिस स्थिरांक तोच. वक्र आलेखात उंची निम्मी, दुहेरी आलेखात भेट आडव्या अक्षावर. शुद्ध अस्पर्धात्मक निरोधनाची लक्षणे तंतोतंत जुळली, आणि तरीही ते निरोधन नव्हे, तो विकराचा नाश आहे. दोन्ही आलेख इथे मुके आहेत, कारण त्यांना एवढेच कळते की काम करणारे विकर कमी झाले. ते तात्पुरते कमी झाले की कायमचे, हे त्यांच्या गणितात नाही.

मग ओळखावे कसे? निरोधकाची मात्रा ठरावीक ठेवून विकराचे प्रमाण वाढवत जावे आणि वेग विकराच्या प्रमाणासमोर मांडावा. सुटणारा निरोधक असेल, तर रेषा उगमबिंदूतूनच निघते, फक्त कमी चढाची. कायम चिकटणारा असेल, तर आधी त्या निरोधकाची भूक भागेपर्यंत विकर खर्ची पडते, वेग शून्यच राहतो, आणि मग मूळ रेषेला समांतर अशी रेषा उजवीकडे सरकून सुरू होते. दुसरी खूण वेळेची : विकर आणि निरोधक एकत्र ठेवून दोन, पाच, दहा मिनिटांनी मोजले असता निरोधन वाढतच असेल, किंवा मिश्रण भरपूर विरल करूनही वेग परत येत नसेल, तर आलेखांनी दिलेले नाव बाजूला ठेवावे.

आणि स्पर्धात्मक हा निकालसुद्धा नेहमी कुणाच्या तरी संदर्भात असतो. ज्या विकराला दोन सब्स्ट्रेट लागतात, तिथे एकाशी स्पर्धा करणारा पदार्थ दुसऱ्याच्या संदर्भात वेगळ्याच प्रकारचा दिसतो. अल्कोहोल डीहायड्रोजनेजला अडवणारा पायराझोल अल्कोहोलशी झगडतो, पण एनएडी या दुसऱ्या सब्स्ट्रेटची संहती बदलून आलेख काढला, तर रेषा समांतर येतात. म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर कोणता पदार्थ आहे हे सांगितल्याशिवाय निरोधकाला नाव देता येत नाही.

आता क्रेब्ज यांच्याकडे वळता येईल. शेफील्डमध्ये १९३७ च्या सुमारास त्यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा मॅलोनेटने अडवला आणि सक्सिनेट साचते आहे असे पाहिले. स्नायूतील ज्वलनाचा मार्ग सक्सिनेटवरून जातो हे ठरवण्यात त्या साठ्याचा वाटा होता. पण मॅलोनेट स्पर्धात्मक आहे, मग साचलेले सक्सिनेटच त्याला हटवणार नाही का? आपल्या आकड्यांनी याचे उत्तर मिळते. पेशीत सक्सिनेट दर मिनिटाला ७० एकके या वेगाने तयार होत आहे असे समजावे. निरोधकाविना विकर ते २.८ मिलिमोलरला उरकते. स्पर्धात्मक निरोधक आला की उरकणे मागे पडते, सक्सिनेट चढते, आणि ८.४ मिलिमोलरला पोहोचल्यावर विकराचा वेग पुन्हा ७० होतो. तिथून पुढे साठा वाढत नाही आणि पुढचा प्रवाह पूर्ववत होतो. अडथळा कायम ठेवायचा तर मॅलोनेट बरेच अधिक घालावे लागते. तेच ७० एकके येत असताना अस्पर्धात्मक निरोधकाने कमाल वेग ६० वर आणला असता, तर सक्सिनेट कितीही चढले तरी ७० उरकणे शक्यच नव्हते. येणारे आणि जाणारे यांची तोंडमिळवणी कधीच झाली नसती आणि साठा वाढतच राहिला असता. उलट येणारा वेग ४० एककांचाच असेल, तर दोन्ही निरोधकांसह विकर त्याला पुरे पडते, पहिल्यासह ३ मिलिमोलरला आणि दुसऱ्यासह ४ मिलिमोलरला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत जवळजवळ काहीच फरक दिसत नाही.